जफरनामा : यमक सोडवायचं, स्तुती राखायची

डिसेंबर १३९८. दिल्लीच्या वेशीबाहेर तैमूरचं लष्कर तळ देऊन बसलेलं आहे आणि समोर सुलतान महमूद तुघलकाचे हत्ती आहेत. समरकंदकडून आलेल्या या सैनिकांना हत्तींशी लढण्याची सवय नाही. छावणीत बोलवा उठली आहे, की या जनावरांच्या अंगात बाण शिरत नाही, तलवार चालत नाही, चालता चालता ती झाडं मुळासकट उपटतात. तैमूरसोबत काही विद्वानही आहेत. तो त्यांना विचारतो, लढाईच्या दिवशी आपली जागा कुठे असावी? त्यांचं उत्तर येतं : जिथे अंतःपुरातल्या स्त्रिया असतील, तिथे.

हा प्रसंग तैमूरच्या एखाद्या वैऱ्याने लिहिलेला नाही. तो आला आहे शरफुद्दीन अली यझदी याच्या ‘जफरनामा’ या ग्रंथात, आणि हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तैमूरची स्तुती आहे. (गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला पाठवलेलं ‘जफरनामा’ हे पत्र वेगळं, ते जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचं.) स्तुतीच करायची तर आपल्या माणसांची भीती कशाला लिहायची? कारण हत्ती जितके भयंकर, तितका त्यांना नमवणारा मोठा. फारसी तवारिखेतली खुशामत अशी सहज नजरेत न येणाऱ्या ठिकाणीही काम करत असते. ती इंग्रजीत नेणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते, आणि ती कशी लागते हे याच एका ग्रंथाच्या आधारे सांगायचं आहे.

यझदीने हे लेखन १४२० च्या दशकात, शीराझमध्ये केलं. तैमूर १४०५ मध्येच वारला होता. शीराझचा कारभार त्याचा नातू इब्राहीम सुलतान पाहत होता आणि ग्रंथ त्याच्या आश्रयाने झाला. म्हणजे स्तुती मेलेल्या आजोबांची आणि ऐकणारा जिवंत नातू. यझदी साधासुधा कारकून नव्हता. कवी होता, आणि ‘मुअम्मा’ म्हणजे शब्दांत नाव दडवून ठेवणारी कोडी, या विषयावर त्याने शास्त्रीय ग्रंथ लिहिला होता. कोडी घालण्यात रमणाऱ्या माणसाने इतिहास लिहिला की तो कसा होईल याची कल्पना करता येते. पुढच्या पिढ्यांतल्या फारसी लेखकांनी त्याच्या गद्याला नमुना मानलं.

त्या गद्याचा प्राण म्हणजे ‘सजअ’, गद्यातलं यमक. वाक्याचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जुळणारा शब्द आणायचा. फारसीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येतं, आपल्या मराठीसारखंच. ‘आला, बसला, उठला, गेला’ म्हटलं की आपल्याला यमक फुकट मिळतं, तसं त्यांनाही मिळतं. पण एवढ्यावर दरबारी मुनशी समाधान मानत नाही. तो क्रियापदाच्या आधीचे शब्दही जोडीने आणतो, विशेषणांची विशेषणांशी सांगड घालतो, मध्ये अरबी सुभाषित पेरतो, कुराणातल्या आयतीचा अर्धा तुकडा खूण न करता वाक्यात विणून टाकतो, आणि मग दोन ओळींची कविता. सुरुवातीला ‘चून’ म्हणजे ‘जेव्हा’ हा शब्द येतो आणि ‘तेव्हा काय झालं’ हे कळायला अर्धं पान जातं.

हा भार तेव्हाच्या लोकांनाही जड वाटे. यझदीच्या शंभरेक वर्षं आधी वस्साफ नावाच्या इतिहासकाराने आपला ग्रंथ १३१२ मध्ये मंगोल सुलतान उल्जायतूला वाचून दाखवला. सुलतानाला तो समजेना, वजीर रशीदुद्दीनला मध्ये पडून अर्थ सांगावा लागला, असं परंपरा सांगते. विसाव्या शतकात अब्दुल मुहम्मद आयती यांनी वस्साफचा इतिहास सोप्या फारसीत उतरवून दिला, तो इराणी वाचकांसाठी. म्हणजे पहिलं भाषांतर फारसीतून फारसीतच करावं लागलं.

खुद्द तैमूरला हा थाट नको होता. त्याने हयातीतच निझामुद्दीन शामी याला आपला इतिहास लिहायला सांगितलं आणि अट घातली, की भाषा साधी ठेव, मोजक्या विद्वानांनाच कळेल असं लिहू नकोस. शामीने १४०४ च्या सुमारास काम पुरं केलं. त्याच्याही ग्रंथाचं नाव ‘जफरनामा’च. विसाव्या शतकात फेलिक्स टाउअर या चेक पंडिताने तो प्रागमधून छापून प्रसिद्ध केला. यझदीने लिहिताना हा ग्रंथ समोर ठेवला होता. त्यामुळे भाषांतरकाराला असा लाभ होतो जो क्वचितच कुणाला होतो : एकाच घटनेची साधी हकीकत एका हाताशी आणि तीच नटवलेली दुसऱ्या हाताशी. यझदीच्या एखाद्या वाक्यात घटना कोणती आणि नक्षी कोणती याबद्दल शंका आली, की शामीचं तेच प्रकरण उघडायचं. दोघांतही आहे ते बहुधा घटना. यझदीतच आहे ते एकतर नक्षी, नाहीतर त्याने दुसरीकडून मिळवलेली माहिती. यातलं कोणतं, हे पुन्हा पाहावं लागतं. तारीख, गावाचं नाव, सरदाराचं नाव असेल तर ती माहिती असण्याचा संभव जास्त. कारण यमकासाठी माणूस विशेषण घालतो, नदीचं नाव घालत नाही.

युरोपात यझदी पोहोचला तो आधी फ्रेंचमधून. पेती द ला क्र्वा यांचं भाषांतर १७२२ मध्ये पॅरिसला निघालं आणि पुढच्याच वर्षी, १७२३ मध्ये, त्यावरून केलेलं इंग्रजी लंडनला छापलं गेलं. या फ्रेंचमध्ये फारसी फुलोरा बराचसा झडून गेलेला आहे. अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या वाचकाला जे गद्य रुचेल ते पेतीने दिलं. गिबनने रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासात तैमूरवर लिहिलं ते मुख्यतः याच फ्रेंच पुस्तकावरून. आणि त्याने यझदीबद्दल निवाडा दिला, की भूगोल आणि कालक्रम यांबाबत हा माणूस अचूक आहे, पण आपल्या नायकाची स्तुती गुलामासारखी करतो. मला हे फार बोलकं वाटतं. फुलोरा झडलेल्या पुस्तकातही गिबनला खुशामत दिसली. यमक गेलं, जोडविशेषणं गेली, तरी खुशामत उरली. म्हणजे ती दागिन्यांत नव्हती, हाडांत होती. जो भाषांतरकार दागिने उतरवून ‘आता निखळ इतिहास हाती आला’ असं समजतो, तो वाचकाला फसवतो. खुशामत आत तशीच असते, फक्त ती ओळखण्याची खूण त्याने पुसून टाकलेली असते.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. पुढचं वाक्य कोणत्याही ग्रंथातलं नाही. बांधणी समजावी म्हणून त्या साच्यात मी ते रचलं आहे.

चून रायाते नुसरत-आयाते पादशाहे जहाँपनाह बर जाहिरे आन हिसार साया-ए वकार अंदाख्त, व लश्करे जफर-असर गिर्दागिर्दे आन खैमा अफ्राख्त, अज सदा-ए कूस व नफीर दिले सगीर व कबीर अज जा रफ्त, व अज खास व आम करार व आराम रफ्त.

मोठ्याने वाचलं तर फारसी न येणाऱ्यालाही जोड्या ऐकू येतील. रायात-आयात, पादशाह-पनाह, हिसार-वकार, अंदाख्त-अफ्राख्त, लश्कर-असर, नफीर-सगीर-कबीर, आम-आराम. शब्दशः अर्थ असा : जगाला आसरा देणाऱ्या बादशहाच्या, विजयाची चिन्हं असलेल्या झेंड्यांनी जेव्हा त्या किल्ल्याच्या बाहेरच्या भागावर प्रतिष्ठेची सावली टाकली, आणि विजयखुणा वागवणाऱ्या लष्कराने त्याच्या भोवती तंबू उभारले, तेव्हा नगारे आणि कर्णे यांच्या आवाजाने लहानथोरांची काळजं जागची हलली, आणि खास व आम सर्वांचं स्वास्थ्य व आराम निघून गेला.

पहिलं काम क्रियापदं वेचण्याचं. इथे ती चार आहेत : टाकली, उभारले, हललं, गेला. त्यांच्यामागे घटना दोनच आहेत. सैन्याने किल्ल्याला वेढा दिला आणि आतले लोक घाबरले. लांब वाक्यात हरवलेल्या माणसाने आधी एवढं कागदावर लिहून ठेवावं, कारण हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. नवशिक्याची नेहमीची गफलत इथेच होते. ‘चून’ने सुरू झालेला भाग कुठे संपतो हे न कळल्यामुळे वेढा देणारे आणि घाबरणारे यांची अदलाबदल होते. चूक झाली आहे हे ओळखण्याची खूण म्हणजे वाक्यात एखादं क्रियापद कर्त्याविना लोंबकळत राहतं.

दुसरं काम जोड्या तपासण्याचं. ‘करार व आराम’ हे दोन शब्द एकच गोष्ट सांगतात. ‘सगीर व कबीर’ आणि ‘खास व आम’ दोन्ही मिळून ‘सगळे’ एवढंच म्हणतात. ‘वकार’ म्हणजे प्रतिष्ठा. ‘हिसार’शी जुळावं म्हणून ती सावलीला चिकटवली आहे. या जागी इंग्रजीत प्रत्येक शब्दाला शब्द दिला तर वाचकाला वाटतं, की दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. फारसी वाचकाला तसं वाटत नाही. त्याचा कान जोडी एकच म्हणून ऐकतो. म्हणून शब्दाला शब्द देणं हे इथे प्रामाणिकपणाचं लक्षण नाही.

आता इंग्रजीचे दोन टोकाचे मसुदे करता येतात. एक असा : ‘द एम्परर बिसीज्ड द फोर्ट, अँड इट्स पीपल वेअर टेरिफाइड.’ यात खोटं काही नाही. पण बादशहाला यात कर्ता केलं आहे, आणि मूळ वाक्यात बादशहा काहीच करत नाही. तो येत नाही, वेढा घालत नाही. येते ती त्याच्या झेंड्यांची सावली. राजाने स्वतः हातपाय हलवायचे नाहीत, त्याच्या नुसत्या असण्याने गोष्टी घडायच्या, हीच तर स्तुती आहे. दुसरा मसुदा प्रत्येक विशेषण उचलून आणतो आणि इंग्रजी वाचक तिसऱ्या तुकड्याला पुस्तक मिटतो.

मधला मार्ग साधारण असा निघतो : ‘व्हेन द व्हिक्टोरियस बॅनर्स ऑफ द एम्परर, रेफ्यूज ऑफ द वर्ल्ड, कास्ट देअर शॅडो बिफोर द फोर्ट, हिज आर्मी पिच्ड इट्स टेंट्स ऑन एव्हरी साइड, ॲट द साउंड ऑफ ड्रम अँड ट्रम्पेट हार्ट्स फेल्ड, अँड हाय अँड लो अलाइक लॉस्ट ऑल रेस्ट.’

यात यमक एकही नाही. इंग्रजी गद्यात ओळीने यमकं आली की ती बालगीतासारखी ऐकू येतात आणि दरबाराचा रुबाब क्षणात नाहीसा होतो. त्याऐवजी इंग्रजीतल्या घरच्या जोड्या कामाला लावल्या आहेत. ‘ड्रम अँड ट्रम्पेट’, ‘हाय अँड लो’ अशा जोड्या तिथल्या वाचकाच्या कानात आधीपासून आहेत, त्यांचा ठेका चालतो. विजय हा गुण मूळ वाक्यात दोनदा, झेंड्यांना आणि लष्कराला, लावला होता; इथे तो एकदाच ठेवला. प्रतिष्ठा सोडली. पण सावली सोडली नाही आणि आसराही सोडला नाही, कारण त्या दोहोंत एक नातं आहे. जो जगाला सावली देतो त्याचीच सावली या किल्ल्यावर पडते, आणि तिथे ती छाया न राहता भय होते. मुनशीने हे मुद्दाम योजलेलं असतं. असं नातं हाती लागलं की ते वाचवायचं, मग त्यासाठी आजूबाजूची चार विशेषणं गेली तरी चालतील. शेवटच्या भागात ‘गॅरिसन’ हा सुटसुटीत शब्द वापरायचा मोह होतो, पण त्याने किल्ल्यातले सगळे रहिवासी शिबंदीचे शिपाई होऊन जातात. मूळ वाक्यात तसं नाही, म्हणून तो टाळला.

अशा साच्यांची एक भाषाच असते आणि ती आधी शिकावी लागते. ‘रिकाबे हुमायून’ म्हणजे शब्दशः शुभ रिकीब, पण अर्थ खुद्द राजा. लगाम अमुक दिशेला वळला म्हणजे राजा तिकडे निघाला. हे न कळणारा रिकिबीचं आणि लगामाचं वर्णन लिहून बसतो. पण सगळंच अलंकारात काढलं तर उलटी चूक होते. यझदीत माणसं तैमूरपुढे गुडघे टेकतात, आणि ते केवळ बोलण्याची रीत म्हणून लिहिलेलं नाही. मंगोल-तुर्की दरबारात गुडघा टेकणं हा खरोखरचा विधी होता. कुणी कधी टेकला याला राजकीय अर्थ होता. गालिचाचं चुंबन घेण्याचं सौभाग्य लाभलं, असं लिहिलेलं असतं तिथे मात्र प्रत्यक्ष ओठ टेकले की नाही हे सांगता येत नाही. नक्की एवढंच, की भेट मिळाली आणि ती मिळणं हे भेटणाऱ्याचं भाग्य होतं. इंग्रजीत ‘ही मेट द एम्परर’ म्हटलं की दोघं एका पातळीवर येतात. ‘ही वॉज ग्रँटेड द ऑनर ऑफ किसिंग द रॉयल कार्पेट’ म्हटलं की पातळी राहते. आपल्याकडच्या जुन्या पत्रांचे मायने ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. पेशवाईत कुणाला कोणता मायना लिहायचा हे ठरलेलं असे आणि अभ्यासक मायन्यावरूनच माणसाचा दर्जा ओळखतो. तवारिखेतल्या बिरुदांचंही तसंच. म्हणून एका बिरुदाला सबंध ग्रंथात एकच इंग्रजी प्रतिशब्द ठेवायचा. कंटाळा आला म्हणून बदलला, की दर्जाची मोजपट्टीच मोडली.

स्तुतीची दुसरी बाजू शिवीची. दरबारी लेखकाच्या पुस्तकात आपला राजा मरत नाही, तो शाश्वत निवासाकडे प्रयाण करतो. शत्रू मरतो तेव्हा तो थेट नरकात जातो. मराठी वाचकाला याचा एक नमुना ठाऊक आहे. खाफीखानाने शिवाजी महाराजांच्या निधनाची नोंद याच साच्यात केली आहे. ते वाचताना संताप येतो, आणि भाषांतरकाराला वाटू शकतं, की एवढा भाग सौम्य करावा, ‘मृत्यू पावले’ लिहून मोकळं व्हावं. पण तोच खाफीखान महाराजांच्या लष्करी शिस्तीबद्दल, मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव न देण्याच्या त्यांच्या कडक नियमाबद्दल आदराने लिहितो. त्या कबुलीचं वजन कशामुळे आहे? ती शिव्यांच्या साच्यात अडकलेल्या लेखणीतून, साचा मोडून बाहेर आली आहे म्हणून. शिवी गाळली तर कबुली नुसता सभ्यपणा वाटेल. दरबारी गद्यात साचा कुठे मोडतो हीच बहुतेकदा सर्वांत मोलाची बातमी असते, आणि ती दिसायची तर साचा जसाच्या तसा राहिला पाहिजे.

यझदीकडे परत येऊ, कारण त्याच्या दिल्लीच्या प्रकरणात भाषांतरकाराच्या अंगावर काटा येतो. लढाईच्या आधी तैमूरने छावणीतल्या हिंदू बंदिवानांना ठार मारण्याचा हुकूम दिला. यझदी आकडा एक लाख देतो. असे गोल आकडे अक्षरशः घेता येत नाहीत, पण मोठी कत्तल झाली यात शंका नाही. एका मौलानांचा उल्लेख येतो, ज्यांनी आयुष्यात कधी मेंढरूही मारलं नव्हतं. त्यांनी हुकमाप्रमाणे आपल्याकडचे पंधरा बंदिवान मारले. यझदी हे खेदाने सांगत नाही. हुकमाची तामील किती पूर्ण झाली याचा तो दाखला आहे. इथे इंग्रजीत दोन तऱ्हांनी बिघाड होतो. एक तर भाषा बधिर, कारकुनी होते, ‘प्रिझनर्स वेअर एक्झिक्यूटेड’. नाहीतर भाषांतरकार आपली घृणा एखाद्या विशेषणातून आत सोडतो. माझं मत स्पष्ट आहे : यझदीचा कौतुकाचा सूर तसाच ठेवायचा. कौतुक आणि कत्तल एका वाक्यात शेजारी उभी राहिली, की वाचक आपोआप थांबतो. त्याला थांबवण्याचं काम आपण करायची गरज नाही, आणि तसा अधिकारही नाही.

आणि मग दिल्लीची लूट. १७ डिसेंबरची लढाई तैमूरने जिंकली, शहराने अभय मागितलं, ते दिलं गेलं, खंडणी वसूल होऊ लागली. पुढे काही दिवसांत सैनिक शहरात घुसले, रहिवाशांशी त्यांच्या चकमकी झडल्या, आणि सिरी, जहाँपनाह व जुनी दिल्ली ही तिन्ही शहरं लुटली गेली. तवारिखेचा सूर असा, की हे तैमूरच्या मनात नव्हतं. विधिलिखित होतं ते घडलं. वाक्यांची रचना पाहिली तर विजयाच्या ठिकाणी कर्ता तैमूर किंवा त्याचे झेंडे, आणि लुटीच्या ठिकाणी कर्ता दैव. व्याकरणाच्या आधाराने जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. चांगलं इंग्रजी लिहायला शिकवणारे सांगतात, की कर्मणी प्रयोग टाळा, कर्ता पुढे आणा. हा सल्ला इथे पाळला आणि ‘तैमूर्स सोल्जर्स सॅक्ड डेल्ही’ असं सरळ लिहिलं, तर वाक्य नेटकं होतं, इतिहासाच्या दृष्टीने कदाचित खरंही होतं, पण ते यझदीचं राहत नाही. यझदीने दोष कसा झाकला हे वाचकाला कधीच कळणार नाही. दैवाला कर्ता ठेवायचं. घटना काय होती, शामी काय म्हणतो, हे पानाच्या तळाशी टीपेत सांगायचं. मजकुरात लेखकाचा आवाज, टीपेत आपला. ही सीमा जितकी काटेकोर, तितकं पुस्तक विश्वासाचं.

या सीमेच्या बाबतीत भारतविषयक फारसी ग्रंथांचं एक जुनं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. एलियट आणि डाउसन यांनी १८६७ ते १८७७ या काळात आठ खंडांत फारसी तवारिखांचे इंग्रजी उतारे छापले. यझदीचा दिल्लीचा भागही त्यात आहे. त्यांनी नक्षी कापली आणि घटना ठेवल्या. कुठे किती कापलं हे वाचकाला बहुतेक वेळा कळत नाही. पुढची कित्येक दशकं भारतातले लोक मध्ययुगाचा इतिहास या खंडांतून वाचत राहिले. दरबारी अतिशयोक्ती ज्या भरजरी भाषेत बोलली गेली ती भाषा गेली आणि अतिशयोक्ती तेवढी कोरड्या इंग्रजीत उरली. मग ती साक्षीदाराच्या जबानीसारखी वाचली जाऊ लागली. मुळात ‘रक्ताच्या नद्या’ यमकाच्या लयीत येतात तेव्हा कानाला आपोआप कळतं, की हा साचा आहे. तीच नद्यांची ओळ सपाट गद्यात आली की ती मोजणीची गोष्ट वाटते.

उलट्या टोकाला हेन्री बेव्हरिज. अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’चं त्यांचं भाषांतर अलंकाराला अलंकार देत जातं, टीपांची रास घालतं, आणि वाचताना दम लागतो. त्याच ग्रंथाचं व्हीलर थॅक्स्टन यांनी केलेलं नवं भाषांतर २०१५ पासून मूर्ती ग्रंथमालेत आठ खंडांत आलं, शेजारच्या पानावर मूळ फारसीसह. ते वाचता येतं. ज्याला शंका आली त्याने डावीकडे नजर टाकावी, अशी सोय झाल्यावर भाषांतरकाराला उजवीकडे श्वास घेता येतो. बेव्हरिजांचा उपयोग मात्र संपलेला नाही. एखादं विशेषण खरोखर मुळात आहे का, हे फारसी न येणाऱ्याला पडताळायचं असेल तर तो अजूनही त्यांच्याकडेच जातो.

काही गोष्टी कोणत्याही उपायाने इंग्रजीत येत नाहीत. कोड्यांत रमलेल्या यझदीचे श्लेष टीपेत समजावता येतात, पण समजावलेला श्लेष हसवत नाही. कुराणातल्या आयतीचा अर्धाच तुकडा देऊन उरलेला अर्धा ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा, ही गंमत ज्याला आयत पाठ नाही त्याला मिळत नाही. आवाज तर जातोच.

पण जे राखता येतं ते कधी कधी एका शब्दावर अवलंबून असतं. यझदी तैमूरला नावाने क्वचित हाक मारतो. पानोपानी तो लिहितो ‘साहिबकिरान’. किरान म्हणजे ग्रहांची युती, विशेषतः गुरू आणि शनीची; अशा शुभ युतीचा जो धनी तो साहिबकिरान. इंग्रजीत ‘लॉर्ड ऑफ द ऑस्पिशस कंजंक्शन’ असं लांबलचक होतं, आणि एका पानावर ते चार वेळा आलं की भाषांतरकाराचा हात ‘तैमूर’ लिहून टाकण्याकडे वळतो. तो आवरावा लागतो. तैमूर हा चंगेजखानाच्या वंशातला नव्हता, त्यामुळे त्याला खान म्हणवून घेता येत नव्हतं. चंगेजच्या कुळातला एक नामधारी खान गादीवर ठेवून तो स्वतः अमीर आणि ‘गूरकान’ म्हणजे राजघराण्याचा जावई एवढीच पदवी लावत असे. कुळाने जे दिलं नाही ते आकाशाकडून मिळवून देणारा हा शब्द आहे. म्हणून पहिल्यांदा तो अर्थासह पुरा द्यावा आणि पुढे फारसी रूपातच ठेवावा, तैमूर नुसता तैमूर होऊ देऊ नये. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी त्याच्याच वंशातल्या शाहजहानने दिल्ली-आग्र्याच्या तख्तावर बसून ‘साहिबकिराने सानी’, म्हणजे दुसरा साहिबकिरान, अशी पदवी घेतली आणि ती नाण्यांवरही कोरून घेतली. तो दुसरा कोणाच्या मागून, हे त्या नाण्यावर लिहिलेलं नाही. ते यझदीच्या पानांवर आहे.